दूध बिलाच्या तक्त्यात एक कॉलम मागे राहिला: माऊसऐवजी कळफलकाने निवड करण्याचे एक प्रकरण

निपाणीजवळच्या एका गावातील दूध संस्थेत सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन वेळा दूध गोळा होते आणि दर दहा दिवसांनी सभासदांचे बिल निघते. संस्थेचे ६२ सभासद आहेत, म्हणजे दहा दिवसांच्या वीस संकलनांत जास्तीत जास्त १,२४० नोंदी होऊ शकतात. ज्या बिलाविषयी मी लिहीत आहे त्यात काही जनावरे आटलेली असल्यामुळे आणि काही सभासद एक वेळचे दूध घरी ठेवत असल्यामुळे १,१७६ नोंदी होत्या. वजनकाट्याला जोडलेल्या सॉफ्टवेअरमधून या नोंदी एक्सेलच्या फाइलमध्ये येतात. पुढे संस्थेच्या लेखनिक त्या खाते क्रमांकाप्रमाणे लावतात आणि प्रत्येक सभासदाचे बिल छापतात. सहकारी संस्थांचे हिशेब संगणकावर बसवून देणे हे माझे काम असल्यामुळे या फाइलची मांडणी मला ठाऊक होती, परंतु तिच्यातील दोष या प्रसंगापर्यंत माझ्याही लक्षात आले नव्हते.

मांडणी अशी होती. पहिल्या ओळीत A पासून K पर्यंतचे सेल एकत्र जोडून संस्थेचे नाव लिहिलेले होते, दुसऱ्या ओळीत बिलाचा कालावधी होता, तिसरी ओळ रिकामी होती आणि चौथ्या ओळीत शीर्षके होती. पाचव्या ओळीपासून नोंदी सुरू होत. A मध्ये तारीख, B मध्ये वेळ, C मध्ये खाते क्रमांक, D मध्ये सभासदाचे मराठी नाव, E मध्ये लिटर, F मध्ये फॅट, G मध्ये एसएनएफ, H मध्ये दर आणि I मध्ये रक्कम. J हा कॉलम मोकळा सोडून K मध्ये सभासदाचे कन्नड नाव चिकटवलेले असे, कारण सरकारी खात्याकडे जाणारी यादी कन्नडमध्ये द्यावी लागते आणि गावातील वाटपासाठी मराठी नावच लागते. सीमाभागातील बहुतेक संस्थांच्या फाइलींत अशी दोन लिप्यांची जोडी दिसते. याखेरीज एक दिवस संपून दुसरा सुरू होतो तेथे, छापील कागदावर दिवस वेगळे दिसावेत म्हणून, एक पूर्ण ओळ रिकामी सोडलेली होती. दहा दिवसांमध्ये अशा नऊ रिकाम्या ओळी आल्या आणि शेवटची नोंद १,१८९ व्या ओळीत बसली.

त्या दिवशी लेखनिकांनी A5 वर माऊस दाबून निवड खाली ओढत नेली. पडद्यावर एका वेळी साधारण अठ्ठावीस ओळी दिसत होत्या, म्हणजे चाळीसपेक्षा जास्त पडदे खाली जायचे होते. माऊसचा बाण खिडकीच्या खालच्या कडेबाहेर गेला की शीट आपोआप सरकू लागते, आणि बाण जितका दूर जाईल तितका सरकण्याचा वेग वाढतो. त्यामुळे निवड प्रथम शेवटच्या नोंदीच्या बरीच पुढे गेली. ती मागे आणताना सगळे लक्ष ओळींवर होते आणि हात मात्र डावीकडे झुकला होता. बटण सुटले तेव्हा निवड A5 ते H1189 इतकी झाली होती. रकमेचा I कॉलम बाहेरच राहिला. ओढणे चालू असताना सूत्रपट्टीच्या डावीकडील नावाच्या चौकटीत 1185R x 8C असे दिसत असते. ओळी ११८५ आणि कॉलम आठ, असा त्याचा अर्थ. नऊ कॉलम हवे असताना तेथे आठ दिसत होते, पण बटण सोडताच ही माहिती नाहीशी होते आणि तिकडे पाहायचे असते हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

यानंतर Sort देऊन नोंदी खाते क्रमांकाप्रमाणे लावल्या गेल्या. एकच कॉलम निवडून Sort दिले, तर शेजारी आणखी माहिती आहे, निवड वाढवायची का, असे एक्सेल विचारते. निवडीत दोन किंवा अधिक कॉलम असतील तर मात्र तो प्रश्न येत नाही आणि निवडलेला भाग तेवढाच हलवला जातो. येथे आठ कॉलम निवडलेले असल्यामुळे इशारा आला नाही. तारीख, नाव, लिटर, दर सगळे नव्या क्रमाने बसले, रक्कम मात्र जुन्या, तारखेच्या क्रमाने जागच्या जागी राहिली. फाइल जतन करून बंद करण्यात आली.

चूक सापडली ती बेरजेवरून नव्हे. I कॉलममधील आकडे हलले नव्हते, म्हणून त्यांची बेरीज सॉफ्टवेअरच्या अहवालाशी पैशापर्यंत जुळत होती, आणि बेरीज जुळली म्हणजे तक्ता बरोबर, असे कोणालाही वाटावे. परंतु Sort झाल्यावर A ते H मधील नऊ रिकाम्या ओळी तळाशी गेल्या होत्या आणि I मधील रिकामे सेल मात्र मूळ जागीच होते. त्यामुळे १२३ व्या ओळीत सभासदाचे नाव, लिटर आणि दर होता, पण रक्कम नव्हती. काट्यावरून ही रक्कम यायची राहिली असावी असे समजून लेखनिक गणकयंत्रावर गुणाकार करू लागल्या आणि सहज म्हणून त्यांनी वरची १२२ वी ओळही पडताळली. तेथे ४.५ लिटर गाईचे दूध ३६.४० दराने होते, म्हणजे रक्कम १६३.८० हवी होती. सेलमध्ये २९८.२० होते, आणि ती कोणा दुसऱ्याच्या ५.६ लिटर म्हशीच्या दुधाची ५३.२५ दराने झालेली रक्कम होती. त्यांनी लगेच मला फोन केला आणि म्हणाल्या, “सर, बेरीज तर बरोबर येतीया, पण एकाची रक्कम दुसऱ्याच्या नावावर बसलीया बघा.” बिलांचे वाटप अजून झालेले नव्हते. त्या एका पडताळणीबद्दल मला त्यांचे फार कौतुक वाटते.

बिघडलेली फाइल दुरुस्त करण्याच्या भरीस आम्ही पडलो नाही. ती बंद झालेली असल्यामुळे Ctrl+Z चा उपयोग नव्हता आणि सॉफ्टवेअरमधून नोंदी पुन्हा काढता येत होत्या. ताज्या नोंदी त्याच नमुन्यात नेहमीप्रमाणे दिवसांमध्ये ओळी सोडून भरून झाल्या, कन्नड नावे K मध्ये पुन्हा चिकटवली गेली, आणि त्यानंतर मी त्यांना माऊस बाजूला ठेवायला सांगितले.

मी D10 वर आणून Ctrl+A दाबायला सांगितले. सगळा तक्ता निवडला जाईल अशी त्यांची अपेक्षा होती, पण निवड झाली ती फक्त A4 ते I122 इतकी. म्हणजे शीर्षकांची ओळ आणि पहिला दिवस, एवढेच. दुसऱ्यांदा Ctrl+A दाबल्यावर संपूर्ण शीट निवडली गेली, अगदी १०,४८,५७६ व्या ओळीपर्यंत. त्यांचा पहिला समज असा झाला की ही कळच भरवशाची नाही. परंतु कळ अगदी नियमाने वागत होती. ज्या सेलवर आपण उभे असतो त्याच्याभोवती भरलेल्या सेलचा जो सलग चौकोन असतो, त्याला एक्सेल माहितीचा क्षेत्रभाग मानते, आणि चारी बाजूंनी जेथे पूर्ण रिकामी ओळ किंवा पूर्ण रिकामा कॉलम लागतो तेथे त्याची हद्द धरते. मधले एखाद-दुसरे सेल रिकामे असले तर हद्द मोडत नाही, पण आडवी किंवा उभी अखंड मोकळी पट्टी लागली की शेत संपले असे ते समजते. १२३ वी ओळ अशी पट्टी होती आणि J कॉलमही. आपण कागदावर शोभावे म्हणून सोडलेली जागा यंत्राच्या दृष्टीने बांध ठरली होती.

हे समजल्यावर पुढचे काम सोपे झाले, कारण कळफलकावरील निवड जेथे थांबते तेथे तक्त्यात काय आहे, हे ती आपल्याला सांगत असते. माऊसची निवड जेथे हात थांबतो तेथे थांबते आणि तक्त्याविषयी काहीच सांगत नाही. मला या संपूर्ण प्रकरणात हाच फरक सर्वांत मोलाचा वाटतो, वेळ वाचतो हा नव्हे.

मग आम्ही एकेका दिवसावर उभे राहून Ctrl+A दाबत गेलो. सहाव्या दिवसावर आलो तेव्हा सहावा आणि सातवा असे दोन दिवस एकदम निवडले गेले. दोघांच्या मध्ये रिकामी ओळ डोळ्यांना दिसत होती, तरी बांध धरला गेला नव्हता. याचे कारण त्या ओळीतील A च्या सेलमध्ये होते: तेथे एक स्पेस भरलेली होती. आधी चुकून लिहिलेली तारीख पुसताना Delete दाबण्याऐवजी स्पेसबार दाबून Enter केले गेले होते. असे सेल डोळ्यांना कोरे दिसते, पण एक्सेलच्या लेखी ते भरलेले असते. ही सवय आपल्याकडील कार्यालयांत फार आहे आणि तिचे परिणाम असे अनपेक्षित जागी उगवतात.

किती ओळी खरोखर रिकाम्या आहेत हे पाहण्यासाठी नावाच्या चौकटीत A5:A1189 लिहून Enter केले. शेवट माहीत असेल तर निवडीचा हा सर्वांत सरळ मार्ग आहे. खालच्या स्थितीपट्टीत भरलेल्या सेलची संख्या Count म्हणून दिसते. तेथे १,१७७ दिसले. निवड ११८५ ओळींची, अहवालानुसार नोंदी १,१७६, म्हणजे एक भरलेले सेल जास्तीचे होते आणि तेच ते स्पेसचे. तेथे Delete दाबून पुन्हा निवड केल्यावर Count १,१७६ झाले आणि रिकाम्या ओळी नऊच आहेत याची खात्री पटली. ही खात्री पुढच्या पायरीआधी हवीच होती. एखाद्या खऱ्या नोंदीत केवळ तारीख भरायची राहिली असती, तर ती ओळही रिकाम्यांत मोजली जाऊन पुसली गेली असती.

तीच निवड कायम ठेवून F5 दाबले, Special वर जाऊन Blanks निवडले आणि नऊच सेल निवडलेले राहिले. त्यावर Ctrl+- दाबून येणाऱ्या चौकटीत Entire row घेतले आणि नऊ ओळी एकाच वेळी निघाल्या. शेवटची नोंद आता १,१८० व्या ओळीत आली. तिसरी ओळ मात्र मी मुद्दाम रिकामी ठेवली. ती नसती तर कालावधीची आणि संस्थेच्या नावाची ओळ क्षेत्रभागाला चिकटली असती आणि Ctrl+A ने शीर्षकांच्या वरचा मजकूरही निवडला गेला असता.

राहिला J कॉलम. संपूर्ण कॉलम निवडण्याची कळ Ctrl+Space आणि संपूर्ण ओळ निवडण्याची Shift+Space. लेखनिक J8 वर गेल्या आणि त्यांनी Ctrl+Space दाबले. J निवडला जायला हवा होता. प्रत्यक्षात A पासून K पर्यंतचे अकराही कॉलम निवडले गेले. त्यांचा हात Ctrl+- कडे जात होता आणि मी तो अक्षरशः थांबवला, कारण ते दाबले असते तर सगळा तक्ता क्षणात पुसला गेला असता. Ctrl+Z ने तो परत आणता आला असता, पण तेही लगेच लक्षात आले तरच.

असे होण्याचे कारण पहिल्या ओळीत होते. संस्थेचे नाव A1 ते K1 हे सेल एकत्र जोडून लिहिलेले होते. Ctrl+Space ने निवड करताना वाटेत जोडलेले सेल लागले, तर एक्सेल ते अर्धे तोडून निवडत नाही, जोडणी जितक्या कॉलमांवर पसरली असेल तितके सगळे कॉलम निवडीत ओढून घेते. वरच्या J या अक्षरावर माऊसने टिचकी मारली असती तर एकटा J निवडला गेला असता. त्यामुळे माऊसची सवय असलेल्या माणसाला हा धोका कधी दिसतच नाही आणि कळफलकाकडे वळताच तो प्रथम समोर येतो. Shift+Space च्या बाबतीतही, उभे जोडलेले सेल असतील तर, एकाऐवजी अनेक ओळी निवडल्या जातात. म्हणून कोणतीही ओळ किंवा कॉलम काढण्याआधी वर किती अक्षरे किंवा डावीकडे किती क्रमांक ठळक झाले आहेत ते पाहावे, असे मी आग्रहाने सांगतो.

उपाय म्हणून पहिल्या ओळीतील जोडणी सोडवली. शीर्षक मध्यभागी दिसण्यासाठी जोडणीची गरज नसते. A1 ते K1 निवडून Ctrl+1 दाबावे, Alignment मध्ये Horizontal समोर Center Across Selection घ्यावे, म्हणजे नाव पूर्वीसारखेच मधोमध दिसते आणि सेल सुटे राहतात. यानंतर J8 वर Ctrl+Space दाबल्यावर एकटे J हे अक्षर ठळक झाले. Ctrl+- ने तो कॉलम निघाला आणि कन्नड नावे K मधून J मध्ये आली. हा मोकळा कॉलम काढणे किती आवश्यक होते, हे थोडा विचार केला तर कळते: तो राहिला असता तर Ctrl+A ने नऊच कॉलम निवडले गेले असते, Sort ने तेवढेच हलले असते आणि या वेळी रकमेऐवजी कन्नड नावे चुकीच्या सभासदासमोर बसली असती. गावातील बिले बरोबर निघाली असती आणि खात्याकडे जाणारी यादी चुकीची. मराठीच वाचणाऱ्याच्या नजरेतून ती चूक कदाचित निसटलीही असती.

Ctrl+Space विषयी आणखी एक अडचण येथे नोंदवतो, कारण दोन लिप्यांत काम करणाऱ्यांना ती भेटते. टायपिंगच्या काही साधनांत भाषा बदलण्यासाठी हीच कळ ठरवलेली असते, आणि मग कॉलम निवडला जाण्याऐवजी लिपी बदलते. अशा वेळी त्या साधनाच्या सेटिंगमध्ये ती कळ बदलावी. ते शक्य नसेल तर नावाच्या चौकटीत J:J लिहून Enter करावे, संपूर्ण कॉलम निवडला जातो. ओळीसाठी 8:8 असे लिहावे. Shift+Space ने ओळ निवडली न जाता सेलमध्ये मोकळी जागा उमटत असेल, तर आपण सेलच्या आत लिहिण्याच्या स्थितीत असतो. स्थितीपट्टीच्या डाव्या टोकाला Ready ऐवजी Edit किंवा Enter दिसते. Esc दाबून बाहेर यावे, म्हणजे कळ पूर्ववत चालते.

आता तक्ता A4 ते J1180 असा अखंड झाला होता. पुन्हा D10 वर जाऊन Ctrl+A दाबले आणि सगळा तक्ता एका दाबात निवडला गेला. तेवढ्यावर विसंबून न राहता Ctrl आणि पूर्णविरामाची कळ एकत्र दाबायला सांगितले. या कळेने निवड न मोडता आपण तिच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जातो. चार दाबांत A4, J4, J1180 आणि A1180 हे चारही कोपरे डोळ्यांखालून गेले. स्थितीपट्टीतील Count ११,७४२ होते. शीर्षकासह १,१७७ ओळी आणि दहा कॉलम म्हणजे ११,७७० सेल व्हायला हवेत, अठ्ठावीस कमी का, असे लेखनिकांनी स्वतःहून विचारले. एका संध्याकाळी वीज गेल्यामुळे चौदा नोंदींत फॅट आणि एसएनएफ मोजता आले नव्हते आणि दर आदल्या दिवसाप्रमाणे लावला गेला होता. चौदाच्या दुप्पट अठ्ठावीस. हिशेब जुळला.

याच चौदा रिकाम्या सेलांमुळे आणखी एक गोष्ट दाखवता आली. एका कॉलममधील नोंदीच तेवढ्या निवडायच्या असतील, तर पहिल्या नोंदीवरून Ctrl+Shift+↓ दाबतात. C5 वरून ती कळ थेट C1180 वर पोहोचली. F5 वरून मात्र ती वीज गेलेल्या संध्याकाळच्या आधीच्या नोंदीवर थांबली, कारण ही कळ फक्त आपल्या कॉलमकडे पाहते आणि पहिल्या रिकाम्या सेलच्या आधी उभी राहते. पूर्वीच्या फाइलमध्ये तर दहा दिवसांचे दहा गट ओलांडायला ती कळ एकोणीस वेळा दाबावी लागली असती. म्हणून ज्या कॉलममध्ये सेल कधीच रिकामे राहत नाही, आपल्या तक्त्यात खाते क्रमांकाचा, तेथून खाली जावे आणि मग Shift धरून डावी किंवा उजवी बाणकळ दाबत निवड हवी तेवढी रुंद करावी. निवड एका कॉलमने चुकली तरी ती पुन्हा पहिल्यापासून करावी लागत नाही, उजवीकडे वाढवलेल्या निवडीत Shift+→ ने एक कॉलम वाढतो आणि Shift+← ने कमी होतो. त्या पहिल्या दिवशी H पर्यंत थांबलेल्या निवडीला हवा होता तो हा एकच दाब.

फॅटची सरासरी पाहण्यासाठी मात्र F मध्ये कोठेही उभे राहून Ctrl+Space दाबावे हे उत्तम, कारण स्थितीपट्टीतील Average केवळ आकडे धरते, शीर्षक आणि रिकामे सेल सोडून देते. संपूर्ण कॉलम निवडून त्याची प्रत घेण्याचे काम असेल तेव्हा अडते. कन्नड नावांचा कॉलम सभासद यादीतून असा संपूर्ण उचलून K4 वर चिकटवायचा प्रयत्न पूर्वी एकदा झाला होता आणि एक्सेलने नकार दिला होता. दहा लाखांहून अधिक सेल चौथ्या ओळीपासून मावत नाहीत, ते पहिल्या ओळीवरच चिकटवावे लागतात. अशा कामाला Ctrl+Shift+↓ ची मोजकी निवड योग्य.

रोजच्या वापरासाठी मी Ctrl+A पेक्षा Ctrl+Shift+8 सुचवले. दोन्ही क्षेत्रभागच निवडतात, पण घाईत दोनदा दाबले गेले तर Ctrl+A संपूर्ण शीट निवडते आणि Ctrl+Shift+8 क्षेत्रभागावरच राहते. मराठी कळफलक चालू असताना ती कळ साथ देत नसेल तर Win+Space ने इंग्रजीवर यावे. शेजारच्या एका संस्थेत लिब्रेऑफिस कॅल्क वापरतात. तेथे Ctrl+A पहिल्याच दाबात संपूर्ण शीट निवडते, आणि क्षेत्रभागासाठी Ctrl सोबत अंकपट्टीवरील गुणाकाराची कळ दाबावी लागते. Ctrl+Space आणि Shift+Space दोन्हीकडे सारखेच चालतात.

निवड पक्की झाल्यावर Sort मध्ये My data has headers वर खूण असल्याचे पाहून आधी खाते क्रमांक आणि मग तारीख असा क्रम दिला. नंतर L2 मध्ये हे सूत्र लिहिले:

```
=SUMPRODUCT(--(ROUND(E5:E1180*H5:H1180,2)<>I5:I1180))
```

लिटर आणि दर यांचा गुणाकार ज्या ओळींत रकमेशी जुळत नाही अशा ओळींची संख्या हे सूत्र देते. बेरीज जी चूक लपवत होती ती येथे लपू शकत नाही, कारण तपासणी ओळीओळीने होते. उत्तर ० आले. ज्या सभासदाच्या ४.५ लिटर दुधासमोर २९८.२० बसले होते, त्याच्यासमोर आता १६३.८० होते.

लेखनिकांची एक रास्त अडचण शिल्लक होती. रिकाम्या ओळी गेल्यामुळे छापील कागद एकसलग झाला होता आणि कोणाचे बिल कोठे संपते ते पटकन दिसत नव्हते. त्यासाठी A5 ते J1180 निवडून Conditional Formatting मध्ये पुढील नियम दिला आणि वरच्या कडेला रेघ ठरवली:

```
=$C5<>$C4
```

खाते क्रमांक बदलला की त्या ओळीच्या वर रेघ येते, आणि नोंदी कोणत्याही क्रमाने लावल्या तरी रेघा आपोआप योग्य जागी जातात. डोळ्यांना हवा असलेला भेद राहिला आणि क्षेत्रभागही अखंड राहिला. त्याच संध्याकाळी ६२ बिले छापून झाली आणि पुढच्या दहा दिवसांच्या फाइलसाठी हाच नमुना कोरा करून ठेवण्यात आला.